पेन ड्राइव्हची ओळख कुठे अडते?

विंडोजच्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावल्यावर एरवी दोन-तीन सेकंदांत त्याचे ड्राइव्ह अक्षर दिसू लागते. कधी मात्र अक्षर उमटत नाही आणि पडद्याच्या कोपऱ्यात USB device not recognized अशी सूचना येते. मग Device Manager उघडले, तर Universal Serial Bus controllers या गटात पिवळ्या त्रिकोणाच्या खुणेसह पुढील नोंद सापडते:

```
Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)
```

या नोंदीवर दोनदा क्लिक केले की Code 43 हा क्रमांक आणि त्याखाली A request for the USB device descriptor failed हे वाक्य दिसते. याचा सरळ अर्थ असा की, संगणकाने पेन ड्राइव्हकडे त्याची ओळख मागितली आणि ती मिळाली नाही. सूचना आली की बहुतेक जण पेन ड्राइव्हचा ड्रायव्हर शोधू लागतात किंवा पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायला बघतात. हा बिघाड मात्र त्या दोन्हींच्या आधीच्या टप्प्यावरचा आहे. तो टप्पा कोणता, हे समजले की कारण कुठे शोधायचे तेही कळते.

जोडणीनंतरच्या पहिल्या क्षणात काय घडते

साध्या यूएसबी २.० जोडणीत चार संपर्कपट्ट्या असतात. दोन विजेसाठी, म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंड. उरलेल्या दोन माहितीसाठी, त्यांना डी प्लस आणि डी मायनस म्हणतात. विजेच्या पट्ट्या मुद्दाम थोड्या लांब ठेवलेल्या असतात, त्यामुळे पेन ड्राइव्ह आत सरकवताना वीज आधी जोडली जाते आणि माहितीच्या तारा नंतर. पेन ड्राइव्हवरचा दिवा लागला म्हणजे सगळे ठीक आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही, तो यामुळेच. दिव्यावरून फक्त वीज पोहोचल्याचे कळते.

वीज मिळाली की पेन ड्राइव्हमधला कंट्रोलर डी प्लस या तारेवर दीड किलोओहमच्या रोधामार्फत व्होल्टेज चढवतो. पोर्टच्या बाजूला ही तार एरवी शून्याच्या जवळ असते. ती वर गेली की संगणकाला काहीतरी जोडले गेल्याचे समजते. जोडताना हात हलतो, संपर्क जुळतो-सुटतो, म्हणून संगणक साधारण १०० मिलिसेकंद थांबतो आणि मग पोर्टला रीसेटचा संकेत देतो. रीसेट होत असतानाच पेन ड्राइव्ह आपल्याला वेगवान पद्धतीने बोलता येते का ते सांगतो. यूएसबी २.० चा वेगवान प्रकार सेकंदाला ४८ कोटी बिट इतक्या गतीचा आहे.

रीसेटनंतर संगणक पहिला खरा प्रश्न विचारतो. नव्या उपकरणाला अजून पत्ता मिळालेला नसतो, म्हणून हा प्रश्न शून्य या तात्पुरत्या पत्त्यावर जातो. अपेक्षित उत्तर फक्त १८ बाइटांचे असते आणि त्यालाच डिव्हाइस डिस्क्रिप्टर म्हणतात. उपकरण यूएसबीची कोणती आवृत्ती पाळते, एका वेळी किती बाइटांचे पाकीट स्वीकारते, निर्मात्याचा क्रमांक कोणता, वस्तूचा क्रमांक कोणता, एवढी माहिती त्यात असते. हे उत्तर नीट मिळाले तरच उपकरणाला १ ते १२७ मधला एक कायमचा पत्ता मिळतो आणि पुढची बोलणी सुरू होतात.

उत्तर आले नाही किंवा वाटेत बिघडून आले, तर विंडोज पोर्ट पुन्हा रीसेट करून तोच प्रश्न परत विचारते. काही प्रयत्न फसल्यावर ते नाद सोडते. सूचना यायला काही सेकंद लागतात ते या प्रयत्नांमुळे. निर्मात्याचा आणि वस्तूचा क्रमांक मिळालेलाच नसल्याने विंडोज त्या जागी स्वतःचा क्रमांक लिहिते. Device Manager मध्ये नोंदीच्या Details पानावर Hardware Ids निवडले की तो असा दिसतो:

```
USB\VID_0000&PID_0002
```

निर्मात्याच्या जागी चार शून्ये आली, म्हणजे पेन ड्राइव्हने स्वतःबद्दल एक अक्षरही सांगितलेले नाही.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. पेन ड्राइव्ह पूर्ण मृत असता, तर डी प्लसवर व्होल्टेज चढलेच नसते आणि संगणकाने काहीच दाखवले नसते. सूचना आली याचा अर्थ वीज पोहोचली आहे आणि डी प्लसची तार शाबूत आहे. डी मायनस तुटली किंवा तिचा संपर्क सुटला, तर मात्र नेमकी हीच सूचना येते. उपकरण जोडल्याचे डी प्लसवरून कळते, पण प्रत्यक्ष माहिती दोन्ही तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकातून जात असल्याने एका तारेवर संवाद होत नाही.

पेन ड्राइव्हचा ड्रायव्हर निर्दोष का

विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह चालवणारा ड्रायव्हर USBSTOR.SYS या नावाचा असून तो विंडोजबरोबरच येतो. पण तो कधी लावायचा? उपकरणाने आपण साठवणुकीचे साधन आहोत असे सांगितल्यावर. ती माहिती डिव्हाइस डिस्क्रिप्टरनंतरच्या उत्तरांत येते. पहिलेच उत्तर मिळालेले नसताना समोर पेन ड्राइव्ह आहे की प्रिंटर, हेच विंडोजला ठाऊक नसते. त्यामुळे USBSTOR.SYS ची पाळीच आलेली नसते. अशा नोंदीवर Update driver दाबले तर विंडोज बहुधा योग्य ड्रायव्हर आधीच बसवलेला असल्याचे सांगते, आणि काहीही बदलत नाही.

ड्रायव्हर खरोखरच नसेल तर लक्षण वेगळे असते. तेव्हा Device Manager मध्ये Code 28 दिसतो आणि Hardware Ids मध्ये निर्मात्याचा खरा क्रमांक असतो, कारण ओळख झालेली असते आणि फक्त ड्रायव्हर सापडलेला नसतो. फाइल सिस्टीम बिघडली असेल तर ड्राइव्ह अक्षर येते आणि विंडोज फॉरमॅट करण्याविषयी विचारते. Device Descriptor Request Failed आल्यावर या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवाव्यात. फॉरमॅट करायला ड्राइव्हच समोर नसतो.

तरीही ड्रायव्हर या शब्दाला या प्रकरणात जागा आहे. पहिला प्रश्न विचारण्याचे काम संगणकाच्या बाजूचे दोन ड्रायव्हर करतात. एक यूएसबी कंट्रोलरचा, दुसरा हबचा. विंडोज ८ पासून हे काम USBXHCI.SYS आणि USBHUB3.SYS यांच्याकडे आहे. ते गोंधळले तर चांगल्या पेन ड्राइव्हचीही ओळख होत नाही. त्यांच्याकडे वळण्याआधी पोर्ट तपासणे मात्र सोपे असते, आणि दोष तिथे निघण्याचा संभवही अधिक असतो.

पोर्टची कारणे

पोर्टच्या आतल्या पट्ट्या पातळ आणि स्प्रिंगसारख्या असतात. वर्षानुवर्षे घालणे-काढणे, तिरका धक्का, धूळ, दमट हवेत चढणारा गंज यांमुळे त्यांचा दाब कमी होतो. विजेच्या जोडीचा संपर्क टिकतो आणि माहितीच्या जोडीचा कमकुवत होतो, असे सहज घडू शकते. पेन ड्राइव्ह किंचित वर किंवा बाजूला दाबून धरल्यावर तो ओळखला जात असेल, तर दोष इथेच आहे, पोर्टमध्ये किंवा पेन ड्राइव्हच्या तोंडाशी.

दुसरे कारण वाटेतल्या वायरचे. डेस्कटॉपच्या मागची पोर्ट थेट मदरबोर्डवर बसवलेली असतात. समोरची पोर्ट मात्र कॅबिनेटच्या आतून जाणाऱ्या वायरने मदरबोर्डवरच्या पिनांना जोडलेली असतात. ही वायर स्वस्तातली असली, कुठे दबलेली असली किंवा पिनांवर सैल बसली असली, तर वेगवान संकेत वाटेत बिघडतो. एक्स्टेंशन वायर आणि स्वस्त हब यांचेही तेच.

तिसरे कारण विजेचे. यूएसबी २.० चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि ३.० चे ९०० मिलिअँपिअर देऊ शकते. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबला मात्र संगणकाच्या एकाच पोर्टमधून मिळालेली वीज सगळ्यांत वाटावी लागते. त्यावर आधीच हार्ड डिस्क किंवा मोबाइल लावलेला असेल, तर नव्या पेन ड्राइव्हपाशी पोहोचेपर्यंत व्होल्टेज उतरते आणि त्याचा कंट्रोलर सुरू होता होता पुन्हा बंद पडतो. हबवरची बाकीची उपकरणे काढल्यावर पेन ड्राइव्ह चालू लागला, तर कारण विजेचे आहे.

यूएसबी ३.० च्या पोर्टमध्ये जुन्या चार पट्ट्यांखेरीज आणखी पाच पट्ट्या असतात, आणि वेगवान संवाद त्या वेगळ्या मार्गाने होतो. म्हणून एखादा ३.० चा पेन ड्राइव्ह निळ्या पोर्टवर अडतो आणि काळ्या २.० पोर्टवर मुकाट्याने चालतो. तसे झाले तर दोष नव्या पाच पट्ट्यांच्या मार्गात आहे. वेग कमी मिळेल, पण फाइली काढून घेता येतात.

एक उदाहरण, पायरीपायरीने

समजा, विंडोज १० असलेला एक डेस्कटॉप आहे. समोरच्या पोर्टवर ३२ जीबीचा यूएसबी २.० पेन ड्राइव्ह लावला की दिवा लागतो, पण Device Descriptor Request Failed येते. त्याच पोर्टवर माउस लावला तर तो व्यवस्थित चालतो. वापरणाऱ्याचा निष्कर्ष असा, की माउस चालतो म्हणजे पोर्ट चांगले आणि पेन ड्राइव्ह खराब.

इथेच चूक होते. साधा वायरचा माउस सहसा यूएसबीच्या सर्वांत मंद प्रकारात बोलतो, सेकंदाला १५ लाख बिट. पेन ड्राइव्हचा ४८ कोटी बिटांचा वेग त्याच्या ३२० पट आहे. मंद संकेत कमकुवत वायरीतूनही तरून जातो, वेगवान संकेत त्याच वायरीत ओळखू न येण्याइतका बिघडतो. पोर्टची परीक्षा माउसने घेता येत नाही, त्यासाठी दुसरा पेन ड्राइव्हच हवा.

आता तपासणी अशी चालते. तोच पेन ड्राइव्ह संगणकाच्या मागच्या पोर्टवर लावला, तर तो लगेच ओळखला गेला. म्हणजे पेन ड्राइव्ह शाबूत आहे आणि विंडोजही. मग चांगला चालणारा दुसरा पेन ड्राइव्ह समोरच्या पोर्टवर लावला, तर त्यालाही तीच सूचना आली. समोरच्या शेजारच्या पोर्टवरही तसेच. दोन पेन ड्राइव्ह, दोन पोर्ट आणि एकच लक्षण, तेव्हा दोष त्या दोन्ही पोर्टना मिळून असलेल्या भागात असायला हवा. तो भाग म्हणजे आतली वायर.

संगणक बंद करून वीजपुरवठ्याची वायर काढायची, कॅबिनेटचे झाकण उघडायचे आणि समोरून येणारी यूएसबीची वायर मदरबोर्डवर जिथे बसते तो प्लग काढून सरळ, पूर्ण दाबून पुन्हा बसवायचा. या प्लगमध्ये एका पिनेची जागा बुजवलेली असते, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. जबरदस्ती केली तर पिना वाकतात. एवढ्याने काम झाले तर प्रश्न मिटला. नाही झाले तर समोरच्या पोर्टची पट्टी वायरसह बदलावी लागते, किंवा पेन ड्राइव्हसाठी मागची पोर्ट वापरावी लागतात.

या उदाहरणात पेन ड्राइव्ह मागेही अडला असता, तर तो दुसऱ्या संगणकावर लावून पाहायचा. तिथेही तीच सूचना आली तर दोष पेन ड्राइव्हचा. तिथे चालला आणि पहिल्या संगणकावर एकही पेन ड्राइव्ह कोणत्याच पोर्टवर चालत नसेल, तर संशय पहिल्यांदा ड्रायव्हरकडे जातो.

संगणकाच्या बाजूचे ड्रायव्हर कधी दोषी असतात

पहिली शक्यता ड्रायव्हर अडकून बसण्याची. विंडोज ८ पासून Fast Startup ही सोय आहे. ती चालू असताना Shut down केले, तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. कंट्रोलरचा ड्रायव्हर गोंधळलेल्या अवस्थेत असेल, तर रोज संगणक बंद करूनही तो गोंधळ टिकू शकतो. Restart केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून पहिला उपाय बंद करून चालू करणे नव्हे, तर Restart करणे. पूर्णपणे बंद करायचे असेल तर Command Prompt मध्ये, उघडी कामे साठवून झाल्यावर, पुढील आज्ञा द्यावी:

```
shutdown /s /t 0
```

यानंतर डेस्कटॉपची वीजवायर काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवले, तर मदरबोर्डवर उरलेली वीजही निघून जाते आणि यूएसबी कंट्रोलर कोरा सुरू होतो.

दुसरी शक्यता वीज वाचवण्याच्या सोयीची. वापरात नसलेले हब विंडोज झोपवते. एखाद्या लॅपटॉपवर ते नीट जागे होत नाही आणि नवे उपकरण अर्धवट ओळखले जाते. खूण अशी, की Restart नंतर लगेच लावलेला पेन ड्राइव्ह चालतो, पण संगणक बराच वेळ स्वस्थ राहिल्यावर किंवा झोपेतून उठल्यावर अडतो. अशा वेळी Device Manager मध्ये USB Root Hub च्या गुणधर्मांत Power Management या पानावर Allow the computer to turn off this device to save power समोरची खूण काढावी. बॅटरी किंचित जास्त खर्च होईल, एवढेच.

तिसरी शक्यता ड्रायव्हर खरोखर चुकीचा असण्याची. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नाहीच, तो मदरबोर्डच्या निर्मात्याकडून घेऊन बसवावा लागतो. नव्या विंडोजवरही वेगळे यूएसबी कार्ड बसवलेले असेल किंवा अपडेटबरोबर ड्रायव्हर बदलला असेल, तर बिघाड होऊ शकतो. अपडेटनंतर लगेच त्रास सुरू झाला असेल, तर कंट्रोलरच्या Driver पानावर Roll Back Driver दाबून मागचा ड्रायव्हर आणता येतो. ते बटण पुसट असेल तर लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या निर्मात्याच्या मदतपानावरून त्याच मॉडेलचा चिपसेट ड्रायव्हर घ्यावा. भलत्याच ठिकाणची ड्रायव्हर शोधून देणारी सॉफ्टवेअर टाळावीत.

यूएसबी कंट्रोलरची नोंद Uninstall device ने काढून Restart करण्याचा उपायही चालतो, कारण विंडोज ती नोंद पुन्हा नव्याने तयार करते. पण डेस्कटॉपवर कीबोर्ड आणि माउस त्याच कंट्रोलरवर असतात. नोंद काढताक्षणी दोन्ही बंद पडू शकतात, आणि मग पॉवरचे बटण दाबूनच संगणक बंद करावा लागतो. तेव्हा उघडी कामे आधी साठवून ठेवावीत.

ड्रायव्हर की यंत्र, हा वाद शेवटी मिटवायचा असेल तर त्याच संगणकावर लिनक्स सुरू करून पाहावे. सीडीवरून किंवा चालणाऱ्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून ते डिस्कवर न बसवता चालवता येते. संशयित पेन ड्राइव्ह लावून sudo dmesg ही आज्ञा दिली, की ओळखीचा वृत्तान्त दिसतो. ओळख फसली असेल तर त्यात अशा ओळी येतात:

```
usb 1-2: device descriptor read/64, error -71
usb usb1-port2: unable to enumerate USB device
```

इथे -71 म्हणजे उत्तर बिघडलेल्या स्वरूपात आले, आणि त्याऐवजी -110 असेल तर उत्तर ठरलेल्या वेळेत आलेच नाही. लिनक्सवरही हेच दिसले तर विंडोजच्या ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. लिनक्सवर पेन ड्राइव्ह सुरळीत चालला, तर मात्र विंडोजची बाजू दुरुस्त करणे योग्य ठरते.

दोष पेन ड्राइव्हचाच निघाला तर

पेन ड्राइव्हच्या आत मुख्यतः दोन गोष्टी असतात. फाइली साठवणारी मेमरी चिप आणि संगणकाशी बोलणारा कंट्रोलर. डिस्क्रिप्टरचे उत्तर कंट्रोलर देतो, त्यामुळे या सूचनेवरून मेमरी चिप खराब झाल्याचे सिद्ध होत नाही. बरेचदा पेन ड्राइव्ह लावलेला असताना धक्का लागून तोंडाशी असलेले डाखकाम तडकलेले असते. कधी कंट्रोलरला ठोका देणारा क्रिस्टल निखळतो, कधी कंट्रोलरच जळतो.

आधी धातूचे तोंड कोरड्या कापडाने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळू द्यावे. त्याने फरक पडला नाही आणि आतल्या फाइली मोलाच्या असतील, तर घरगुती प्रयोग तिथेच थांबवावेत. तुटलेले डाखकाम कुशल दुरुस्तीवाला पुन्हा जोडू शकतो, आणि तेवढ्याने सगळ्या फाइली जशाच्या तशा परत मिळू शकतात. कंट्रोलर गेला असेल तर डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेत मेमरी चिप काढून थेट वाचतात. ते खर्चिक आणि किचकट असते, कारण कंट्रोलर माहिती चिपवर सलग न लिहिता विखरून आणि रूपांतर करून लिहितो. काही छोट्या पेन ड्राइव्हमध्ये कंट्रोलर आणि मेमरी एकाच ठोकळ्यात बंद असतात, तिथे हे काम आणखी अवघड होते.

कंट्रोलर पुन्हा जिवंत करणारी म्हणून कारखान्यातली काही सॉफ्टवेअर इंटरनेटवर फिरत असतात. ती पेन ड्राइव्ह नव्याने घडवतात, आणि त्यात जुन्या फाइली पुसल्या जातात. शिवाय डिस्क्रिप्टरच मिळत नसेल तर या सॉफ्टवेअरनाही बहुधा तो पेन ड्राइव्ह दिसत नाही. फाइलींची गरज नसेल, तर असा पेन ड्राइव्ह बदलणेच स्वस्त पडते. तो एखाद्या दिवशी आपोआप ओळखला गेला, तर त्यातले सगळे लगेच दुसरीकडे उतरवून घ्यावे आणि त्याचा वापर तिथेच संपवावा.